फ्रँचायझी घेताना: कोणता पैसा कशासाठी, आणि त्याच्या बदल्यात काय

आमच्या नात्यातल्या एका मुलाला साताऱ्यात मिसळ आणि वडापावच्या एका साखळीची फ्रँचायझी घ्यायची होती. कंपनीच्या प्रतिनिधीने त्याच्या हातात रंगीत पत्रक ठेवले होते आणि त्यावर ‘एकूण गुंतवणूक 15 लाख, 18 महिन्यांत पैसे वसूल’ असे मोठ्या अक्षरांत छापलेले होते. मी त्याला एकच प्रश्न विचारला: या 15 लाखांपैकी कंपनीला किती, दुकानाला किती आणि परत मिळणारे किती? त्याला ते सांगता आले नाही, कारण पत्रकात तशी फोड नव्हतीच. पुढचे दोन आठवडे आम्ही दोघांनी मिळून ती फोड केली. तीच पद्धत इथे क्रमाने मांडतो. पुढच्या उदाहरणातले आकडे समजण्यासाठी घेतलेले गोल आकडे आहेत. ते कोणत्याही एका कंपनीचे नाहीत. वाचकाने तिथे स्वतःच्या प्रस्तावातले आकडे घालावेत.

पहिले काम: आधी नावाची खात्री

फ्रँचायझी म्हणजे मुळात दुसऱ्याच्या नावाने आणि त्याच्या पद्धतीने धंदा करण्याची मुदतबंद परवानगी. तेव्हा ते नाव त्या कंपनीचे आहे का, हे सर्वांत आधी पाहावे. ट्रेडमार्क नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर कोणालाही विनाशुल्क शोध घेता येतो. उपाहारगृहाची सेवा वर्ग 43 मध्ये येते, तर मसाल्यांसारखे पदार्थ वर्ग 30 मध्ये येतात. शोधात अर्जाची स्थिती दिसते. ‘नोंदणीकृत’ आणि ‘आक्षेप घेतलेला’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. नावापुढे बारीक अक्षरांत ‘टीएम’ लिहिलेले असेल, तर त्यावरून फक्त कंपनी त्या नावावर हक्क सांगते एवढेच कळते. नोंदणी झाली आहे असे त्यावरून सिद्ध होत नाही. नोंदणी कंपनीच्या नावावर नसून एखाद्या संचालकाच्या वैयक्तिक नावावर असेल, तर त्या संचालकाने कंपनीला दिलेले अधिकारपत्र मागावे.

समोरच्या माणसाला फ्रँचायझी देण्याचा अधिकार तरी आहे का, हेही याच टप्प्यावर तपासावे. भारतात डॉमिनोजचे हक्क ज्युबिलंट फूडवर्क्सकडे आहेत आणि पश्चिम व दक्षिण भारतातली मॅकडोनाल्ड्स वेस्टलाइफ समूह चालवतो. या कंपन्या दुकाने स्वतःच चालवतात, ती एकेका व्यक्तीला वाटून देत नाहीत. तरीही या नावांच्या ‘फ्रँचायझी’साठी नोंदणी शुल्क भरा असे सांगणारी बनावट संकेतस्थळे निघतात आणि माणसे पैसे भरून मोकळी होतात.

दुसरे काम: एकदाच द्यायच्या रकमेची फोड

आता एक कागद घ्यावा आणि त्यावर तीन रकाने आखावेत: रक्कम, ती कोणाला जाते, आणि ती शेवटी परत येते का. साताऱ्यातल्या 350 चौरस फुटांच्या गाळ्यासाठी हा कागद साधारण असा भरतो.

फ्रँचायझी शुल्क 4 लाख रुपये. त्यावर 18 टक्के जीएसटी लागतो, म्हणून प्रत्यक्ष रक्कम 4,72,000. ती कंपनीला जाते आणि परत येत नाही. गाळ्याची सजावट, फलक, भट्टी, फ्रायर, डीप फ्रीझर, एक्झॉस्ट, बिलिंग मशीन मिळून 11 लाख. ही रक्कम बहुधा कंपनीने ठरवलेल्या कंत्राटदाराला जाते आणि तिच्यातले पुढे भंगाराच्या भावाने थोडेसेच हाती लागते. कंपनीकडे सुरक्षा ठेव 1 लाख, जी कागदोपत्री परत मिळणारी आहे. गाळामालकाकडे पाच महिन्यांच्या भाड्याची अनामत 1,75,000, तीही परत मिळणारी. पहिला माल 75,000. सुरुवातीचे तोट्याचे महिने निभावण्यासाठी हातात ठेवायचे 2 लाख. बेरीज 21,22,000.

पत्रकातले 15 लाख म्हणजे फक्त शुल्क आणि सजावट, तेही जीएसटी सोडून. अनामत, पहिला माल आणि हाताशी ठेवायचा पैसा त्यात धरलेलाच नव्हता. असे दुकान बंद पडते तेव्हा पुष्कळदा चौथ्या-पाचव्या महिन्यातले भाडे आणि पगार भागवायला पैसा उरलेला नसतो, म्हणजेच शेवटचे ते 2 लाख कोणी बाजूला काढून ठेवलेले नसतात.

सजावटीच्या 11 लाखांकडे वेगळे लक्ष द्यावे. कंपनीचा कंत्राटदार ‘प्रति चौरस फूट अमुक’ असा एकच दर सांगतो. त्याच्याकडून वस्तुनिहाय दरपत्रक मागावे आणि त्याच क्षमतेच्या फ्रायरचा व फ्रीझरचा भाव बाहेर विचारावा. दहा-पंधरा टक्के फरक समजण्यासारखा असतो, कारण आराखडा आणि देखरेख त्यात धरलेली असते. फरक त्याहून बराच मोठा असेल, तर फ्रँचायझी शुल्काचाच दुसरा हप्ता तिथून घेतला जात आहे असे समजावे.

शुल्काच्या बदल्यात नेमके काय

4,72,000 रुपयांच्या बदल्यात कंपनी सहसा पाच गोष्टी देते: ठरलेल्या मुदतीसाठी नाव वापरण्याची परवानगी, जागेची पाहणी आणि मंजुरी, गाळ्याचा आराखडा, पाककृती व कामकाजाची लेखी पुस्तिका, आणि प्रशिक्षण. यांपैकी नाव वगळता बाकीच्या चारही गोष्टी करारात मोजता येतील अशा शब्दांत लिहून घ्याव्यात. ‘कंपनी आवश्यक ते प्रशिक्षण देईल’ या वाक्याला काहीच अर्थ नाही. ‘कंपनी तीन कर्मचाऱ्यांना चालू दुकानात 15 दिवस प्रशिक्षण देईल, राहण्याचा खर्च अमुकाचा, आणि उद्घाटनानंतर पहिले 7 दिवस कंपनीचा एक अनुभवी आचारी दुकानात हजर राहील’ या वाक्याला अर्थ आहे. वर्षभराने पहिला आचारी सोडून गेला, तर नव्या माणसाचे प्रशिक्षण फुकट की पैसे घेऊन, हेही तिथेच विचारून ठेवावे. अशा दुकानांत आचारी टिकत नाहीत, हे कंपनीलाही ठाऊक असते.

पुस्तिका सही करण्यापूर्वी घरी नेऊ देणार नाहीत आणि ते रास्तच आहे. पण कार्यालयात बसून ती चाळू द्या अशी विनंती करावी. खऱ्या पुस्तिकेत तेलाचा रंग कितपत गडद झाला की ते बदलायचे, रस्सा किती वेळाने फेकायचा, गल्ला कोणी आणि कसा मोजायचा, अशा गोष्टी असतात. नुसती छायाचित्रे आणि कंपनीचा इतिहास असेल, तर तुम्ही पद्धत विकत घेत नाही, फक्त पाटी विकत घेत आहात.

तिसरे काम: दर महिन्याची रॉयल्टी आणि तिच्यावरचा कर

रॉयल्टी ही कंपनीच्या चालू सेवेची किंमत आहे: नाव जिवंत ठेवणे, नवे पदार्थ आणणे, क्षेत्र व्यवस्थापकाच्या भेटी, पुरवठ्याची साखळी. ती विक्रीवर घेतली जाते, नफ्यावर नाही. महिना तोट्यात गेला तरी रॉयल्टी द्यावीच लागते. आपल्या उदाहरणात ती 6 टक्के आहे आणि शिवाय जाहिरात निधी 2 टक्के.

इथे उपाहारगृहवाल्यांना नडणारी एक बाब आहे आणि ती पत्रकात कधीच नसते. साधी उपाहारगृहे ग्राहकाकडून 5 टक्के जीएसटी घेतात, पण त्यांना खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. कपड्यांच्या दुकानदाराला रॉयल्टीवरचा 18 टक्के कर पुढे वळता करून घेता येतो. मिसळवाल्याला तो खिशातूनच जातो. म्हणून त्याच्यासाठी 6 टक्के रॉयल्टी प्रत्यक्षात 7.08 टक्के होते, आणि निधी धरून 8 टक्क्यांचे 9.44 टक्के होतात. फ्रँचायझी शुल्कावरच्या 72,000 रुपयांचेही तेच.

दुसरी बाब व्याख्येची. करारात ‘एकूण विक्री’ म्हणजे काय ते शब्दशः वाचावे. ॲपवरून आलेल्या 1 लाखाच्या ऑर्डरींवर ॲप 25 टक्के कमिशन आणि त्यावर कर कापून घेते, म्हणजे तुमच्या हातात 70,500 येतात. पण व्याख्या ढोबळ विक्रीची असेल, तर रॉयल्टी पूर्ण 1 लाखावर बसते. ग्राहकाला दिलेली सूट वजा होते का, रद्द झालेल्या ऑर्डरी वजा होतात का, ग्राहकाकडून घेतलेला जीएसटी विक्रीत धरला आहे का, हे तीन प्रश्न लेखी विचारून त्यांची उत्तरे करारात घालून घ्यावीत. माझ्या मते टक्केवारीवर घासाघीस करण्यापेक्षा या व्याख्येवर केलेली घासाघीस जास्त फळ देते, कारण टक्केवारी सगळ्यांना सारखी ठेवण्याकडे कंपनीचा कल असतो, व्याख्या मात्र ती स्पष्ट करून द्यायला तयार होते.

जाहिरात निधीबद्दल एवढेच, की त्याचा वार्षिक हिशेब मागण्याचा हक्क करारात असावा. साताऱ्याच्या दुकानाचे 2 टक्के पुण्या-मुंबईच्या फलकांवर खर्च होत असतील, तर उद्घाटनाची स्थानिक जाहिरात कंपनीने करावी असे म्हणता येते.

चौथे काम: मालातला नफा शोधणे

पुष्कळ नव्या साखळ्या ‘रॉयल्टी शून्य’ असे सांगतात. कंपनी उपाशी राहून धंदा करत नाही. रॉयल्टी नसेल, तर तिचा पैसा मालातून येतो. हे आपोआप वाईट ठरत नाही. अमूलचे दालन हे त्याचे सरळ उदाहरण आहे: रॉयल्टी नाही, परत मिळणारी ठेव आहे, आणि छापील किमतीवर वस्तुनिहाय ठरलेला नफा आहे. पिशवीच्या दुधावर तो अगदी थोडा, इतर दुग्धपदार्थांवर त्याहून जास्त आणि आइस्क्रीमवर आणखी जास्त असतो, आणि हे सगळे जाहीर असते. दालन घेणाऱ्याला आपण कशावर किती कमावणार हे पहिल्या दिवशी कळते.

अडचण येते ती किंमत झाकलेली असते तेव्हा. आपल्या मिसळीच्या दुकानात महिन्याला 1,71,000 रुपयांचा कच्चा माल लागतो असे धरू. त्यातला 1,10,000 रुपयांचा माल, म्हणजे मसाला, फरसाण, कांदा-लसणाची पेस्ट आणि छापील वेष्टने, कंपनीकडूनच घेण्याची सक्ती आहे. मसाला गुपित असल्यामुळे तिथूनच घ्यावा लागणे योग्य आहे. पण फरसाणाला काही गुपित नसते. आम्ही कंपनीचे एक किलो फरसाण आणि साताऱ्यातल्या एका घाऊक व्यापाऱ्याचे एक किलो फरसाण शेजारी शेजारी ठेवून, रस्सा घालून, दहा मिनिटांनी कोणते मऊ पडते ते पाहिले. दोन्ही सारखीच टिकली. कंपनीची यादी सरासरी 12 टक्के महाग निघाली. 1,10,000 मध्ये हा फरक साधारण 11,800 रुपयांचा, म्हणजे महिन्याच्या 4,50,000 रुपयांच्या विक्रीच्या आणखी अडीच टक्क्यांहून जास्त. आपण 6 टक्के रॉयल्टी देतो असे मानणारा माणूस प्रत्यक्षात साडेआठ टक्क्यांच्या वर देत असतो, आणि त्यावरचा कर वेगळा.

यावर उपाय दोन. ज्या वस्तूंची चव नावाशी बांधलेली नाही, त्या ठरलेल्या प्रतीनुसार बाहेरून घेण्याची मुभा मागावी. आणि सक्तीच्या वस्तूंचे भाव वर्षातून किती वेळा व कोणत्या आधाराने वाढवता येतील, त्याची मर्यादा लिहून घ्यावी.

पाचवे काम: महिन्याचा ताळेबंद स्वतः मांडणे

आता सगळे एकत्र करू. रोजची विक्री 15,000, म्हणजे महिन्याची 4,50,000, करवगळून. त्यातून कच्चा माल 1,71,000, रॉयल्टी व निधी करासह 42,480, ॲपचे कमिशन करासह 29,500, भाडे 35,000, पाच माणसांचे पगार 85,000, वीज आणि गॅस 28,000, दुरुस्ती, सॉफ्टवेअर, किरकोळ 22,000. एकूण खर्च 4,12,980 आणि शिल्लक 37,020.

ही शिल्लक म्हणजे नफा नव्हे. करार पाच वर्षांचा आहे आणि शुल्क व सजावट मिळून 15,72,000 रुपये या 60 महिन्यांत भरून निघायला हवेत. महिन्याला 26,200 त्यासाठी बाजूला काढले की उरतात 10,820. गल्ल्यावर रोज बारा तास बसणाऱ्या मालकाचा पगार यात धरलेला नाही आणि कर्जाचे व्याजही नाही. कंपनीच्या पत्रकातल्या 18 महिन्यांच्या वसुलीत बहुधा हेच दोन्ही आकडे गाळलेले असतात.

विक्रीबरोबर वाढणारे खर्च (माल, रॉयल्टी, ॲप) 100 रुपयांमागे सुमारे 54 आहेत आणि विक्री झाली नाही तरी लागणारे खर्च 1,70,000 आहेत. 46 टक्क्यांनी 1,70,000 ला भागले की ना नफा ना तोटा अशी विक्री मिळते: महिन्याला सुमारे 3,70,000, रोज सुमारे 12,300. सरासरी बिल 90 रुपयांचे असेल, तर रोज 137 बिले फाटली पाहिजेत. हा आकडा कागदाच्या वर मोठ्या अक्षरात लिहून ठेवावा, कारण पुढचे सगळे त्याच्यावर ठरते.

सहावे काम: बिलांचे क्रमांक

कंपनी म्हणते रोज 180 बिले होतात. ते खरे की खोटे, हे पाहण्याची एक साधी रीत आहे. त्याच साखळीच्या, तुमच्या गावाएवढ्या गावातल्या चालू दुकानात सकाळी उघडताच एक चहा घ्यावा आणि बिल जपून ठेवावे. रात्री बंद होताना पुन्हा एक चहा घ्यावा. दोन बिलांवरच्या क्रमांकांतला फरक म्हणजे त्या दिवसाची बिले. आम्ही एका दुकानात सकाळी 1,216 आणि रात्री 1,298 क्रमांकाचे बिल घेतले. 82 बिले! एका दिवसावरून निष्कर्ष काढू नये म्हणून त्याच आठवड्यात रविवारी पुन्हा गेलो, तेव्हा 131 भरली. ॲपच्या ऑर्डरींची मालिका काही ठिकाणी वेगळी असते, म्हणून तेवढी भर धरावी. पण ती धरूनही 180 जमत नव्हते. त्या मुलाने प्रतिनिधीला दोन्ही बिले दाखवली, तेव्हा उत्तर मिळाले की तो आकडा पुण्यातल्या एका दुकानाचा होता.

यानंतर दुकान चालवणाऱ्यांशी बोलावे. कंपनीने दिलेल्या यादीतल्यांशी बोलावेच, पण बंद पडलेल्या दुकानांचे मालक जास्त उपयोगी पडतात. अमेरिकेत 1979 पासून लागू असलेल्या संघराज्यीय नियमानुसार कंपनीला सही होण्याच्या निदान 14 दिवस आधी सविस्तर माहितीपत्र द्यावे लागते आणि त्यात गेल्या तीन वर्षांत किती दुकाने उघडली, किती बंद झाली, याचा तक्ता असतो. भारतात फ्रँचायझीसाठी असा वेगळा कायदा नाही. सगळे 1872 च्या करार कायद्यावर आणि तुमच्या करारातल्या शब्दांवर चालते. म्हणून तोच तक्ता कंपनीकडे ईमेलने मागावा. देण्याची सक्ती नाही, पण चांगली कंपनी तो देते, आणि न देणारी कंपनीही त्यातून आपल्याबद्दल पुष्कळ सांगून जाते.

सातवे काम: हद्द, मुदत आणि बाहेर पडण्याची वाट

‘तीन किलोमीटरच्या परिघात दुसरे दुकान देणार नाही’ हे कलम आता अपुरे आहे. त्याच नावाचे फक्त घरपोच देणारे स्वयंपाकघर तुमच्या ॲपच्या ऑर्डरी पळवू शकते, म्हणून त्याचाही उल्लेख हवा. फ्रँचायझीची मुदत आणि गाळ्याच्या लिव्ह अँड लायसन्सची मुदत जुळवावी. पाच वर्षांचे शुल्क भरून गाळा तीन वर्षांनी सोडावा लागला, तर उरलेल्या दोन वर्षांचे शुल्क पाण्यात जाते. तसे झाल्यास त्याच करारावर दुकान दुसऱ्या गाळ्यात हलवता येईल असे कलम घालून घ्यावे. नूतनीकरणाच्या वेळी पुन्हा किती शुल्क, आणि नव्या रूपाची सजावट सक्तीची का, हेही आताच ठरवावे.

बाहेर पडण्याचे कलम शेवटच्या पानांवर असते आणि तेच सर्वांत कमी वाचले जाते. करार संपल्यावर सुरक्षा ठेव किती दिवसांत परत मिळेल, कोणत्या कारणांनी कापता येईल, दुकान दुसऱ्याला विकायचे झाल्यास कंपनी किती हस्तांतरण शुल्क घेईल, आणि वाद झाल्यास लवाद कोणत्या शहरात बसेल, हे पाहावे. साताऱ्याच्या माणसाला लवादासाठी गुरुग्रामला जावे लागणार असेल, तर 1 लाखाची ठेव परत मिळवण्याचा खर्च त्याहून जास्त होतो.

करारात बहुधा असेही लिहिलेले असते, की करार संपल्यावर दोन वर्षे तुम्ही तोच धंदा करणार नाही. करार चालू असताना प्रतिस्पर्ध्याचा माल न विकण्याचे बंधन वैध आहे. गुजरात बॉटलिंग आणि कोका-कोला यांच्यातल्या 1995 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तसे मानले आहे. करार संपल्यानंतर उपजीविकेचा धंदाच करू न देणारे बंधन मात्र करार कायद्याच्या कलम 27 मुळे सहसा टिकत नाही. नाव, फलक, पाककृती आणि पुस्तिका वापरण्याची बंदी कायम राहते.

त्या मुलाने हे सगळे कागद घेऊन कंपनीशी पुन्हा बोलणी केली. फरसाण व कांदा-लसणाची पेस्ट बाहेरून घेण्याची मुभा आणि ॲपच्या विक्रीवर कमिशन वजा करून रॉयल्टी, एवढे दोन बदल त्यांनी मान्य केले. शुल्क कमी केले नाही. 137 बिलांचा आकडा त्या गाळ्यासमोरच्या रस्त्यावर भरेल की नाही, याची खात्री त्याला तरीही वाटेना. आता तो पोवई नाक्याजवळच्या दुसऱ्या गाळ्यासमोर सकाळी सात ते अकरा उभा राहून माणसे मोजतो आहे.